क्षितिजरेषेवर बेतलेली गल्ली

टूडी अ‍ॅनिमेशनपटातले रस्त्यावरचे दृश्य म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन चित्रे असतात. खालचे चित्र बॅकग्राउंडचे: घरे, रस्ता, खांब, आकाश. ते एकदा काढले की दृश्य संपेपर्यंत तसेच राहते. वरचे चित्र पात्राचे. ते सेकंदाला बारा किंवा चोवीस वेळा बदलते. ही दोन चित्रे बहुधा दोन वेगळी माणसे काढतात, कधी वेगळ्या खोल्यांत बसून. पडद्यावर मात्र पात्राचा पाय रंगवलेल्या फरशीवर पडला पाहिजे, फरशीच्या वर तरंगता कामा नये. त्यासाठी दोघांच्या डोळ्यांसमोरची जमीन एकच असावी लागते. ती जमीन आधीच आखून ठेवण्याचे साधन म्हणजे यथार्थदर्शनाची ग्रिड, स्टुडिओच्या बोलीत पर्स्पेक्टिव्ह ग्रिड.

ही अडचण रंगभूमीने फार आधी पाहिलेली आहे. संगीत नाटकांत रंगमंचाच्या मागे रस्त्याचा पडदा सोडत. त्यावरची घरे मागे मागे लहान होत गेलेली असत आणि प्रेक्षागृहातून ती गल्ली खोल भासे. पण एखादा नट पडद्याला टेकून उभा राहिला की त्याचे डोके रंगवलेल्या घराच्या माडीला लागे. नटाला लहान करता येत नसल्यामुळे त्याला पुढेच उभे करणे एवढाच उपाय उरे. अ‍ॅनिमेशनमध्ये नटही चित्रातलाच असल्याने तो गल्लीत आतपर्यंत जाऊ शकतो. कुठे गेल्यावर तो किती लहान व्हायला हवा, हे ग्रिड सांगते.

क्षितिज आणि लोपबिंदू

क्षितिजरेषा म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. अ‍ॅनिमेशनपटात ती कॅमेऱ्याची उंची असते. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर असेल आणि सरळ समोर पाहत असेल, तर सपाट जमिनीवरचे दीड मीटर उंचीचे प्रत्येक टोक चित्रात याच रेषेवर येते. मग ते चार पावलांवर असो की गल्लीच्या शेवटी. त्याहून बुटके ते सारे रेषेच्या खाली राहते, उंच असेल ते रेषेच्या वर डोके काढते.

लोपबिंदू, म्हणजेच व्हॅनिशिंग पॉइंट, दिशेशी बांधलेला असतो. एकाच दिशेने दूर जाणाऱ्या समांतर रेषा चित्रात एका बिंदूकडे धावतात. गटाराची कड, सज्जाचा कठडा, खिडक्यांच्या चौकटी, छपराची वळचण या सगळ्या गल्लीच्या दिशेने जात असतील तर त्यांचा लोपबिंदू एकच. त्या रेषा जमिनीला समांतर असतील तर तो क्षितिजरेषेवरच पडतो. गल्लीच्या आडव्या जाणाऱ्या रेषा, म्हणजे दाराचा उंबरा किंवा समोरच्या भिंतीची पायरी, कॅमेऱ्याला समांतर असतात. त्या कुठेच मिळत नाहीत, आडव्याच राहतात. अशा चित्राला एकबिंदू यथार्थदर्शन म्हणतात.

तिसरी गोष्ट नवख्यांच्या नजरेतून निसटते. ती म्हणजे डोळा चित्रापासून किती लांब धरला आहे, हे दृश्य-अंतर. छायाचित्रात हे काम लेन्स करते, हाती काढलेल्या चित्रात चित्रकाराला ते ठरवावे लागते. पडद्याची रुंदी १९२० पिक्सेल असेल आणि दृश्य-अंतरही १९२० पिक्सेल धरले, तर नजरेचा कोन साधारण ५३ अंशांचा होतो आणि कडेच्या वस्तू ताणल्यासारख्या दिसत नाहीत. या निवडीने हिशेबही सोपा होतो. कॅमेऱ्यापासून जितक्या मीटरवर वस्तू असेल, तितक्याने १९२० ला भागले की त्या ठिकाणचा एक मीटर चित्रात किती पिक्सेल दिसेल ते कळते. आठ मीटरवर एक मीटर म्हणजे २४० पिक्सेल, सोळा मीटरवर १२०, चोवीस मीटरवर ८०.

गल्लीची आखणी

उदाहरणासाठी गिरगावात दिसते तशी चाळींमधली एक गल्ली घेऊ. ती सहा मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना तळमजल्यावर दोन मजले चढवलेल्या चाळी आहेत. प्रत्येक मजला तीन मीटरचा, समोर लाकडी कठड्याची गॅलरी, आणि गॅलरी पेलणारे खांब चार-चार मीटरवर. सकाळच्या वेळी एक मुलगा हातात दुधाची किटली घेऊन गल्लीच्या आतल्या बाजूने कॅमेऱ्याकडे चालत येतो. एवढेच दृश्य आहे. चौकट १९२० बाय १०८० पिक्सेलची.

पहिल्यांदा क्षितिजरेषा ठरते. कॅमेरा दीड मीटरवर आहे. मोठ्या माणसाची नजर तिथेच असते. रेषा चौकटीच्या वरच्या कडेपासून ६२० पिक्सेल खाली घेतली, तर वर चाळींना भरपूर जागा मिळते आणि खाली ४६० पिक्सेल जमीन उरते. हिशेब केला तर चौकटीत दिसणारी सर्वांत जवळची जमीन कॅमेऱ्यापासून सव्वासहा मीटरवर येते. मुलगा त्याहून पुढे आला की त्याची पावले चौकटीबाहेर जातील. दिग्दर्शकाला पावले शेवटपर्यंत दाखवायची असतील तर चाल कुठे थांबवायची, ते इथेच ठरून जाते.

लोपबिंदू चौकटीच्या अगदी मध्यावर ठेवला तर गल्ली बोगद्यासारखी दिसते. म्हणून तो मध्यापासून १२० पिक्सेल उजवीकडे घेतला आहे. कॅमेरा गल्लीच्या उजव्या कडेपासून दोन मीटरवर आणि डाव्या कडेपासून चार मीटरवर उभा आहे. त्यामुळे डावीकडची चाळ जास्त उघडी दिसते आणि गोष्टीतली दारे-खिडक्या तिकडे बसवता येतात.

आता जमीन. आठ मीटरवरची आडवी रेषा क्षितिजाच्या खाली किती? कॅमेऱ्याची उंची दीड मीटर आणि तिथला मीटर २४० पिक्सेलचा, म्हणून ३६० पिक्सेल खाली. या रेषेवर लोपबिंदूच्या सरळ खालून डावीकडे चार आणि उजवीकडे दोन मीटर, प्रत्येकी २४० पिक्सेलच्या अंतराने खुणा करायच्या. प्रत्येक खूण लोपबिंदूला जोडली की गल्लीची लांबीच्या दिशेची रुळांसारखी आखणी तयार होते.

राहिल्या आडव्या रेषा, म्हणजे गल्ली आत किती गेली ते. त्यासाठी क्षितिजरेषेवर, लोपबिंदूपासून दृश्य-अंतराइतक्या लांब, म्हणजे १९२० पिक्सेलवर आणखी एक बिंदू घेतात. जमिनीवर ४५ अंशांत तिरक्या जाणाऱ्या सगळ्या रेषा तिकडे धावतात. तो उजवीकडे चौकटीच्या बराच बाहेर पडतो. आठ मीटरच्या रेषेवरच्या डाव्या टोकापासून या बिंदूकडे एक तिरकी रेषा ओढली की ती लांबीच्या रेषांना एकेक करून छेदते. पहिला छेद नवव्या मीटरवर, दुसरा दहाव्यावर, आणि उजवी कड येईपर्यंत चौदावा मीटर. प्रत्येक छेदातून आडवी रेषा काढली की जमिनीवर एक मीटरच्या चौरस फरश्या अंथरल्यासारख्या होतात. चौदाव्या मीटरवर पुन्हा डावीकडून तिरकी रेषा सुरू करून हवे तितके आत जाता येते.

फरशीचे हे तंत्र जुने आहे. फ्लॉरेन्समध्ये लेओन बात्तिस्ता आल्बेर्तीने १४३५ मध्ये लिहिलेल्या चित्रकलेवरच्या ग्रंथात फरश्यांची जमीन कशी आखावी ते सांगितले आहे, आणि तिची परीक्षाही दिली आहे. अनेक फरश्यांचे कर्ण एकाच सरळ रेषेत आले तर आखणी बरोबर, कर्ण वाकला तर चूक. पाटी-पेन्सिल जाऊन स्क्रीन आली तरी ही परीक्षा तशीच लागू पडते.

खांबांमधले अंतर

जमीन तयार झाल्यावर चाळी उभ्या करायच्या. आठ मीटरवरच्या खांबाच्या पायथ्यापासून एका मजल्याची उंची ७२० पिक्सेल येते. त्या खांबावर मजल्यांच्या खुणा करून त्या लोपबिंदूला जोडल्या की सगळ्या मजल्यांच्या पट्ट्या गल्लीभर मिळतात. वरचे मजले जवळच्या बाजूला चौकटीबाहेर जातात, पण खुणा तरीही करायच्या. त्याशिवाय आतल्या भागातली गॅलरी कुठून येते ते कळत नाही.

मग खांब. नवशिक्या चित्रकाराचा हात इथे हमखास चुकतो. आठ, बारा, सोळा, वीस आणि चोवीस मीटरवरच्या खांबांचे पायथे क्षितिजाखाली अनुक्रमे ३६०, २४०, १८०, १४४ आणि १२० पिक्सेलवर येतात. म्हणजे दोन पायथ्यांमधली उभी अंतरे १२०, ६०, ३६, २४ अशी कमी होतात. अंदाजाने काढणारा पहिली दोन पाहतो, अंतर निम्मे झाले असे त्याला दिसते, आणि पुढचीही तो निम्मी करत जातो: ३०, १५, साडेसात. कागदावर हे डोळ्याला खटकत नाही. पण या निमपटीची बेरीज कितीही खांब काढले तरी २४० च्या पुढे जात नाही. म्हणजे त्या गल्लीतला हजारावा खांबही चोवीस मीटरच्या आतच अडकून राहतो. शेवटचे खांब एकमेकांवर दाटतात आणि गल्ली खोल जाण्याऐवजी मागे भिंत असल्यासारखी थांबते.

आकडे न मांडता बरोबर अंतर काढण्याची एक युक्ती आहे. पहिले दोन खांब काढल्यावर दुसऱ्या खांबाच्या उंचीचा मध्य घ्यायचा. पहिल्या खांबाच्या माथ्यापासून त्या मध्यातून एक रेषा खाली ओढायची. ती पायथ्यांच्या रेषेला जिथे मिळेल तिथे तिसऱ्या खांबाचा पायथा. दुसऱ्या-तिसऱ्यावरून चौथा, आणि असेच पुढे. गॅलरीच्या कठड्याचे गज, खिडक्यांच्या रांगा, फुटपाथचे दगड, जे जे सारख्या अंतराने येते त्या सगळ्याला ही युक्ती चालते.

मुलगा चालू लागतो

बॅकग्राउंड अजून रंगवलेलेही नाही, तोवरच त्यावर पात्राची मापे टाकून पाहतात. क्षितिज दीड मीटरवर असल्यामुळे मुलाच्या पावलापासून क्षितिजरेषेपर्यंतचे अंतर नेहमी दीड मीटरच असते, तो कुठेही उभा असला तरी. मुलगा एक मीटर दहा सेंटिमीटर उंच असेल, तर त्या अंतराच्या पाऊण भागाला थोडे कमी पडेल एवढी त्याची उंची. पाऊल कुठे पडले ते ठरवा, क्षितिजापर्यंत मोजा, आणि मुलाची उंची हाती येते. चोवीस मीटरवर तो ८८ पिक्सेलचा दिसतो, आठ मीटरवर २६४ पिक्सेलचा. गल्लीत उभ्या असलेल्या दीड मीटर उंचीच्या बायकांची डोकी, त्या दूर असोत की जवळ, एकाच रेषेत येतात, खाली-वर होतात ती फक्त पावले. आल्बेर्तीनेही हे निरीक्षण नोंदवले होते.

आता चाल. मुलगा चोवीस मीटरपासून आठ मीटरपर्यंत सोळा मीटर येतो. सेकंदाला एक मीटर या सावकाश चालीने त्याला सोळा सेकंद लागतात. सॉफ्टवेअरमध्ये सोपा मार्ग दिसतो: पहिल्या चौकटीत पात्र ८८ पिक्सेलचे, शेवटच्या चौकटीत २६४ चे, आणि मधली वाढ संगणकाने सारख्या वेगाने करावी. तसे केले तर आठव्या सेकंदाला मुलगा १७६ पिक्सेलचा होतो. पण ही उंची बारा मीटरवरची आहे. म्हणजे अर्ध्या वेळात त्याने सोळापैकी बारा मीटर तोडले आणि उरलेल्या अर्ध्या वेळात फक्त चार. पडद्यावर मुलगा लांबून जवळजवळ पळत येतो आणि जवळ आल्यावर रेंगाळतो. पायांची हालचाल एकसारखी असल्यामुळे सुरुवातीला तो घसरल्यासारखा आणि शेवटी जागच्या जागी पाय मारल्यासारखा दिसतो.

खरे तर आठव्या सेकंदाला तो सोळा मीटरवर, म्हणजे १३२ पिक्सेलचा असायला हवा. उपाय ग्रिडमध्येच आहे. गल्लीवर मीटरच्या आडव्या रेषा आखलेल्या आहेत. सेकंदाला एक रेषा या हिशेबाने पावले त्या रेषांवर ठेवत जायचे आणि प्रत्येक ठिकाणी उंची क्षितिजावरून घ्यायची. लांब असताना मुलगा हळूहळू मोठा होतो आणि जवळ येऊ लागला की झपाट्याने. रस्त्यात समोरून येणारी माणसे तशीच वाढताना दिसतात.

गल्लीत बारा मीटरवर एक हातगाडी उभी आहे असे धरू. मुलगा सोळा मीटरवर असताना गाडीच्या मागे असतो, दहा मीटरवर आला की गाडीच्या पुढे. म्हणून हातगाडी बॅकग्राउंडमध्ये रंगवून चालत नाही. ती वेगळ्या थरावर काढावी लागते, आणि मुलाचे पाऊल क्षितिजाखाली २४० पिक्सेलची रेषा ओलांडते त्या क्षणी थरांचा क्रम बदलावा लागतो. बदल चार चौकटी उशिरा झाला तर मुलगा गाडीतून आरपार निघाल्यासारखा दिसतो. असे पुढे येणारे थर स्टुडिओत ओव्हरले म्हणून ओळखले जातात. कुठल्या वस्तूला ओव्हरले हवा आणि कुठल्या चौकटीपासून क्रम बदलतो, हे बॅकग्राउंड रंगवण्याआधी लेआउटवरच लिहिलेले असते.

कोपऱ्यावरचे घर

पुढच्या दृश्यात मुलगा गल्लीच्या तोंडाशी येतो आणि कोपऱ्यावरची चाळ तिरकी दिसते. एक भिंत गल्लीच्या दिशेने जाते, दुसरी मोठ्या रस्त्याच्या. दोन्ही दिशा कॅमेऱ्यापासून दूर जातात, म्हणून लोपबिंदूही दोन. दोन्ही एकाच क्षितिजरेषेवर.

ते एकमेकांपासून किती लांब ठेवायचे, हे मनावर नसते. रस्ते काटकोनात मिळत असतील तर चित्राच्या मध्यापासून दोन्ही बिंदूंपर्यंतच्या अंतरांचा गुणाकार दृश्य-अंतराच्या वर्गाइतका यावा लागतो. गल्ली नजरेच्या दिशेपासून ३० अंश वळलेली असेल, तर एक बिंदू मध्यापासून सुमारे १११० पिक्सेलवर आणि दुसरा उलट बाजूला सुमारे ३३२५ पिक्सेलवर पडतो. मध्यापासून चौकटीची कड ९६० पिक्सेलवरच असल्यामुळे दोन्ही बिंदू कागदाबाहेर जातात. कागदावर मावत नाहीत म्हणून ते आत ओढून घेण्याचा मोह होतो, आणि चाळ बिघडते ती त्यामुळे. कोपरा जहाजाच्या नाळेसारखा पुढे येतो, भिंती भराभर उतरतात. ओळखण्याची खूण साधी आहे. काटकोनी इमारतीचा जवळचा पायथ्याचा कोपरा चित्रात नेहमी ९० अंशांहून पसरट दिसला पाहिजे. तो टोकदार दिसू लागला की बिंदू फार जवळ आले आहेत.

कागदाबाहेरच्या बिंदूंसाठी पूर्वी चित्रकार मोठ्या टेबलावर टाचणी खोचून तिला दोरा बांधत आणि दोऱ्याच्या बाजूने रेषा ओढत. टेबलही पुरले नाही तर दुसरी रीत होती. क्षितिजरेषा आणि दूर जाणारी एक खात्रीची रेषा, समजा छपराची कड, घ्यायची. चौकटीच्या डाव्या कडेवर या दोहोंमधले अंतर आठ सारख्या भागांत वाटायचे आणि उजव्या कडेवरही तसेच. समोरासमोरच्या खुणा जोडल्या की सगळ्या रेषा त्या न दिसणाऱ्या बिंदूकडेच जातात. क्रिटा किंवा क्लिप स्टुडिओ पेंटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये लोपबिंदू चौकटीबाहेर ठेवता येतो आणि हाताने ओढलेली रेषा त्याकडे आपोआप वळते. तरी बिंदू कुठे ठेवायचा हे चित्रकारच ठरवतो. चुकीच्या जागी ठेवलेल्या बिंदूकडेही सॉफ्टवेअर तितक्याच इमानाने रेषा नेते.

चढाची गल्ली

सगळ्या गल्ल्या सपाट नसतात. चढाच्या रस्त्याच्या कडा क्षितिजावरच्या बिंदूकडे जात नाहीत. त्यांचा बिंदू त्याच्या सरळ वर असतो. दर सहा मीटरला एक मीटर चढ असेल तर १९२० च्या एक षष्ठांश, म्हणजे ३२० पिक्सेल वर. उताराला तेवढेच खाली. घरे मात्र चढावरही सरळच उभी असतात. त्यांचे मजले, खिडक्या, वळचणी यांचा लोपबिंदू क्षितिजावरच राहतो. फक्त पायथा रस्त्याबरोबर चढतो. म्हणून खऱ्या चढावर प्रत्येक घराचे जोते एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला बुटके असते. घरांच्या सगळ्या रेषा वरच्या बिंदूकडे नेल्या तर रस्ता चढता न वाटता अख्खी वस्तीच कलंडलेली दिसते. चढावर पात्राच्या उंचीचा क्षितिजाचा नियमही तसाच लागू होत नाही, कारण पावलाखालची जमीन वर आलेली असते. तिथे उंची त्या अंतरावरच्या मीटरच्या मापाने घ्यावी लागते.

कॅमेरा हलला की

ग्रिड एका जागी उभ्या असलेल्या कॅमेऱ्यासाठी असते. कॅमेरा एक मीटर बाजूला सरकला, तर आठ मीटरवरचा खांब २४० पिक्सेल सरकायला हवा आणि चोवीस मीटरवरचा ८०. एकच रंगवलेले बॅकग्राउंड सरकवले तर सगळे सारखेच सरकते, आणि पुन्हा तोच नाटकाचा पडदा ओढल्यासारखा भास होतो. म्हणून जवळचे, मधले आणि दूरचे थर वेगळे काढून त्यांना वेगवेगळा वेग देतात. डिस्नेच्या स्टुडिओने यासाठी काचांचे थर एकाखाली एक ठेवून वरून चित्रण करणारा मल्टिप्लेन कॅमेरा वापरला. १९३७ च्या ‘द ओल्ड मिल’ या लघुपटात तो आहे, आणि १९४० च्या ‘पिनोकिओ’मध्ये जागे होणाऱ्या गावावरून तो फिरतो.

गल्लीत पुढे शिरतानाही हेच. कॅमेरा चार मीटर पुढे गेला तर बारा मीटरवरची हातगाडी दीडपट होते आणि चोवीस मीटरवरचे घर फक्त सव्वापटीच्या जवळ पोचते. सगळे चित्र एकाच मापाने मोठे केले तर तो झूम होतो, पुढे जाणे होत नाही.

थरांनाही मर्यादा आहे. समोरून दिसणाऱ्या घरांची रांग थरांत कापता येते, पण आपल्या गल्लीतली चाळीची भिंत आठ मीटरपासून थेट आतपर्यंत अखंड जाते. ती कुठेही कापली तरी सांध्यावर मजल्याची रेषा तुटते. म्हणून एकबिंदू गल्लीतले कॅमेऱ्याचे सरकणे अगदी थोडे ठेवतात, किंवा भिंतीचे चित्र संगणकातल्या अवकाशात तिरक्या पाट्यासारखे उभे करतात. कॅमेरा एका जागी उभा राहून गल्लीकडून कोपऱ्यापर्यंत मान वळवत असेल तर तिसरी रीत असते: लांबलचक बॅकग्राउंडवर रेषा हलकेच वाकवत नेतात. पूर्ण कागद पाहिला तर रस्ता धनुष्यासारखा दिसतो. चौकटीतून मात्र एका वेळी एकच तुकडा दिसतो आणि तो सरळ भासतो.

ग्रिड लपवण्याआधी

ग्रिडवर काढलेली चाळ पहिल्यांदा कोरी आणि नवीकोरी दिसते. जुनी चाळ तशी नसते. कठडा मध्येच खचलेला असतो, छप्पर थोडे बसलेले, खांब किंचित झुकलेला. हा वाकडेपणा ग्रिडवर सरळ चाळ उभी केल्यानंतर हाताने आणतात, आणि तो जमिनीच्या वर ठेवतात. भिंत जिथे रस्त्याला टेकते ती रेषा आणि क्षितिज यांना धक्का लावत नाहीत, कारण पात्राची पावले आणि उंची त्यांच्यावरच मोजलेली असतात.

लेआउट पुढे देण्याआधी तीन ठिकाणी, म्हणजे आठ, सोळा आणि चोवीस मीटरवर, मुलाच्या उंचीच्या साध्या आकृत्या दारांशेजारी उभ्या करून पाहतात. दोन मीटरच्या दाराशी मुलगा तिन्ही ठिकाणी दाराच्या निम्म्याहून थोडा उंच दिसला पाहिजे. एखाद्या ठिकाणी तो चौकटीला टेकला, तर ते दार किंवा ती आकृती ग्रिड सोडून काढलेली आहे. चित्र आरशासारखे उलटे करूनही एकदा पाहतात. डोळा सरावलेला नसल्याने घसरलेली रेषा चटकन दिसते. त्यानंतर ग्रिडचा थर लपवतात, पण फाइलमधून काढून टाकत नाहीत. क्षितिजरेषा, लोपबिंदू आणि मुलाची तीन मापे लेआउटबरोबर अ‍ॅनिमेटरकडे जातात, आणि तो त्याच फरश्यांवर मुलाचे पहिले पाऊल टाकतो.